वापरलेला प्लेस्टेशन ५ घेताना विक्रेत्याच्या घरी नेमके काय तपासावे?

प्रश्न: नमस्कार. ओळखीतून एक वापरलेला पीएस५ मिळतोय. डिस्कवाला, मॉडेल CFI-1208A, २०२३ मध्ये घेतलेला, बिल आहे. दोन कंट्रोलर आहेत, त्यातल्या एकाला "किंचित ड्रिफ्ट" आहे असं विकणारा स्वतःच म्हणाला. ३०,००० मागतोय आणि त्याच्या अकाउंटवरचे बारा-पंधरा गेम तसेच ठेवून देतो म्हणतोय. रविवारी पुण्यात त्याच्या घरी बघायला जायचंय. डिस्क ड्राइव्ह, पोर्ट, कंट्रोलर कसे तपासू? आणि कन्सोल लॉक किंवा बॅन असेल तर ते पैसे देण्याआधी कळतं का?

उत्तर:

होय, पैसे देण्यापूर्वी हे सर्व कळू शकते. मात्र विक्रेता जे दाखवतो त्यावरून ते कळत नाही. आपण पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा कन्सोल आधीच चालू असतो, त्यावर एखादा गेम सुरू असतो आणि विक्रेता म्हणतो, "बघा, मस्त चालतोय." चालू, तापलेले, गेम आधीच भरलेले आणि विक्रेत्याच्याच खात्यात उघडलेले यंत्र पाहून त्यातले निम्मे दोषसुद्धा उघड होत नाहीत. मी कन्सोल दुरुस्तीचे काम करतो आणि लोकांनी घाईत घेतलेली यंत्रे माझ्या टेबलावर नेहमी येतात. त्यांतल्या बहुतेकांचा दोष खरेदीच्या दिवशीच सापडण्यासारखा असतो. म्हणून जाण्यापूर्वी विक्रेत्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगून ठेवा. तुम्ही पोहोचेपर्यंत कन्सोल पूर्ण बंद असावा, आणि तुम्हाला किमान दीड तास लागेल. खरा विकणारा याला हरकत घेत नाही.

सोबत नेण्याच्या वस्तू थोड्याच आहेत: पीएस५ ची एक गेम डिस्क, चित्रपटाची एक जुनी डीव्हीडी, डेटा नेणारी टाइप-सी केबल, लॅपटॉप, एक पेनड्राइव्ह, छोटी टॉर्च आणि फोनवर हॉटस्पॉटसाठी पुरेसा डेटा. तुमचे स्वतःचे पीएसएन खाते आधीच तयार करून त्याचा पासवर्ड आणि टू-स्टेप पडताळणी हाताशी ठेवा. खात्याची तपासणी त्यावरच होणार आहे. विक्रेत्याकडे ४के टीव्ही आहे का, हेही आधी विचारा. त्याचे कारण एचडीएमआयच्या भागात येईल.

आधी यंत्र बंद असतानाच पाहा. मागच्या जाळीवर हात ठेवा. ती गरम असेल तर कन्सोल नुकताच बंद केलेला आहे आणि थंड यंत्र सुरू होताना काय होते ते तुम्हाला दिसणार नाही, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटे थांबा. तेवढ्या वेळात बिल, खोका आणि कन्सोलवरचे लेबल जुळवा. CFI-1208A या क्रमांकातले १२ हे पिढी सांगते, ०८ हा प्रदेश सांगतो आणि शेवटचे A म्हणजे डिस्क ड्राइव्हसह. भारतात अधिकृतपणे विकले जाणारे मॉडेल ०८ चेच असते. खोक्यावरचा, बिलावरचा आणि यंत्रावरचा अनुक्रमांक एकच असला पाहिजे. यंत्र एकाचे आणि खोका दुसऱ्याचा असेल तर त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०२३ चे बिल असल्यामुळे एक वर्षाची वॉरंटी संपलेली आहे, हे किंमत ठरवताना लक्षात असू द्या.

या मॉडेलच्या दोन्ही पांढऱ्या प्लेट स्क्रूशिवाय, हलक्या हाताने सरकवून निघतात आणि त्या काढल्याने कोणतेही सील तुटत नाही. विक्रेत्याला त्याच्याच हाताने एक प्लेट काढायला सांगा. आत पंखा दिसतो आणि धूळ साठण्यासाठी मुद्दाम ठेवलेली दोन गोल छिद्रे दिसतात. थोडी राखाडी धूळ असणे स्वाभाविक आहे. पंख्याच्या पात्यांवर चिकट, तेलकट थर दिसला तर यंत्र स्वयंपाकघराजवळ किंवा सिगारेटच्या धुरात राहिले आहे, असे समजावे. आतल्या धातूच्या आवरणाच्या स्क्रूंवर सीलचे स्टिकर असतात. ते फाटलेले किंवा खरवडलेले असतील तर यंत्र कोणीतरी उघडलेले आहे. उघडलेले यंत्र वाईटच असते असे नाही, परंतु काय दुरुस्त केले, याचे नेमके उत्तर मिळायला हवे. "नुसते साफ केले" असे सांगितले गेले आणि एचडीएमआय पोर्टभोवती सोल्डर करताना लावतात तो डिंकासारखा पिवळसर फ्लक्स वाळलेला दिसला, तर ते उत्तर खरे नाही.

एचडीएमआय पोर्ट हा या यंत्राचा सर्वांत जास्त मार खाणारा भाग आहे, कारण मागे अंधारात चाचपडत केबल खुपसली जाते किंवा केबल लावलेली असतानाच कन्सोल ओढला जातो. पोर्टमध्ये टॉर्च मारा आणि फोनचा कॅमेरा झूम करून फोटो काढा. डोळ्यांपेक्षा फोटोत नीट दिसते. मधली प्लास्टिकची पट्टी सरळ आणि अखंड असावी, तिच्यावरच्या १९ पिना समांतर असाव्यात आणि एकही आत दबलेली किंवा शेजारणीला टेकलेली नसावी. पोर्टच्या धातूच्या कडा बाहेर फाकलेल्या असतील, किंवा केबल लावून बोटाने हलके हलवताना पोर्टच आत डुलत असेल, तर बोर्डावरचे सोल्डर सैल झालेले आहे.

आता कन्सोल चालू करा. एक बीप येतो, निळा दिवा काही क्षण लुकलुकतो आणि मग पांढरा होतो. दिवा निळाच लुकलुकत राहून यंत्र बंद पडले तर दोष मुख्य बोर्डाच्या बाजूचा असू शकतो, तेव्हा व्यवहार तिथेच थांबवा. दिवा पांढरा स्थिर आहे पण टीव्हीवर काहीच नाही, तर संशय एचडीएमआय पोर्टवर किंवा त्याच्या मागे बसवलेल्या, सिग्नल सावरणाऱ्या छोट्या चिपवर जातो. ही चिप आणि काही पिना अर्धवट खराब झाल्या की कमी रिझोल्यूशनचे चित्र नीट येते, परंतु ४के मागितले की पडदा काळा होतो, हिरवट ठिपके येतात किंवा दर थोड्या वेळाने चित्र जाऊन परत येते. म्हणूनच साध्या १०८०पी टीव्हीवर पाहून घेतलेला कन्सोल घरच्या ४के टीव्हीवर दगा देतो. `Settings > Screen and Video > Video Output` मध्ये जाऊन `Video Output Information` उघडा आणि तिथे 3840 x 2160 व 60 Hz लिहिलेले दिसते का ते पाहा. टीव्ही १२० हर्ट्‌झचा असेल तर तेही चालवून पाहा. ते चित्र असताना केबल अगदी हलके डावी-उजवीकडे हलवा. चित्र एकदाही तुटता कामा नये. तुटलेच, तर केबल बदलून पुन्हा पाहा, कारण कधीकधी दोष केबलचाच असतो आणि त्याचा आरोप यंत्रावर नको.

यूएसबी पोर्टच्या बाबतीत एक गैरसमज टाळा. या मॉडेलमध्ये समोर एक टाइप-ए आणि एक टाइप-सी, तर मागे दोन टाइप-ए पोर्ट आहेत. समोरचा टाइप-ए पोर्ट जुन्या, संथ जातीचा आहे, त्यामुळे गेम साठवणारी बाहेरची ड्राइव्ह तिथे चालत नाही. तो बिघाड समजू नये. पेनड्राइव्ह तिन्ही टाइप-ए पोर्टमध्ये आळीपाळीने लावून कन्सोल तो ओळखतो का ते पाहा, आणि टाइप-सीवर कंट्रोलर लावून तो चार्ज होतो का ते पाहा. घरी राउटर लॅन केबलने जोडणार असाल तर तो पोर्टही तपासा. `Settings > Network > Connection Status` मधली चाचणी त्यासाठी पुरेशी आहे. आणि `Settings > Storage` मध्ये एकूण जागा सुमारे ६६७ जीबी दिसते का तेवढे पाहून घ्या. ८२५ जीबीची मूळ साठवण मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे तिथे गडबड असेल तर ती सुटा भाग बदलून सुटत नाही.

डिस्क ड्राइव्हकडे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण तिथेच लोक सर्वाधिक फसतात. विक्रेता डिस्क घालतो, गेम सुरू होतो आणि आपण समाधान मानतो. प्रत्यक्षात तो गेम आधीच आतल्या साठवणीत भरलेला असतो, आणि डिस्क केवळ मालकी पटवण्यापुरती थोडीशी वाचली जाते. लेन्स थकलेली असली तरी तेवढे वाचन ती करू शकते. खरी परीक्षा तेव्हाच होते जेव्हा ड्राइव्हला संपूर्ण डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते.

म्हणून तुमची स्वतःची पीएस५ डिस्क घाला. तो गेम आधीच भरलेला असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने पुसून टाका. मग इंटरनेट बंद करा. जाळे चालू असले तर कन्सोल काही भाग डिस्कवरून आणि काही डाउनलोड करून घेतो, आणि प्रगतीची पट्टी पुढे सरकत असल्याने ड्राइव्ह कुठे अडखळते ते झाकले जाते. जाळे बंद ठेवून डिस्कवरून पूर्ण कॉपी होऊ द्या. गेमच्या आकारानुसार याला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागेल, आणि तेवढ्या वेळात कंट्रोलरची तपासणी होऊन जाते. कॉपी एका ठरावीक टक्क्यावर बराच वेळ अडली, ड्राइव्हचा वेग पुन्हा पुन्हा चढ-उतार करू लागला, किंवा डिस्क वाचता येत नसल्याचा संदेश आला, तर लेन्स किंवा मोटर कमजोर आहे. पीएस५ च्या डिस्क १०० जीबीपर्यंतच्या असतात आणि त्यांतले थर एकावर एक असल्यामुळे अशा ड्राइव्हला त्या सर्वांत आधी जड जातात. जुन्या पीएस४ डिस्कवर चाचणी उत्तीर्ण होऊन पीएस५ डिस्कवर नापास झालेल्या ड्राइव्ह मी पाहिल्या आहेत.

डीव्हीडी नेण्याचे कारण वेगळे आहे. ब्लू-रे वाचणारा निळसर लेझर आणि डीव्हीडी वाचणारा लाल लेझर हे दोन स्वतंत्र लेझर आहेत. एक मेला तरी दुसरा चालतो. डीव्हीडी उघडते पण गेम उघडत नाही, असे असेल तर निळ्या लेझरचा दोष असण्याची शक्यता मोठी आहे. उलट असेल तर तुमचा गेमपुरता वापर अडणार नाही, परंतु किंमत कमी करून घेण्याचा तो रास्त आधार आहे. ऑडिओ सीडी मात्र पीएस५ मुळातच वाचत नाही, त्यामुळे ती लावून ड्राइव्हला दोष देऊ नका.

डिस्क आत घेताना आणि बाहेर टाकताना कान द्या. रबरी रोलरचा हलका घरघर आवाज ठीक आहे. कडकड, दातांचा घसटल्यासारखा आवाज, अर्धवट बाहेर येऊन पुन्हा आत जाणे, किंवा डिस्क न घालताच अधूनमधून बाहेर टाकण्याचा प्रयत्न करणे, ही यंत्रणेच्या बिघाडाची लक्षणे आहेत. किमान पाच-सहा वेळा डिस्क घालून काढा. घालण्यापूर्वी तिची चमकती बाजू टॉर्चखाली पाहून ठेवा आणि शेवटी पुन्हा पाहा. मध्यातून कडेकडे जाणारे सरळ ओरखडे हाताळणीतून येतात. मध्याभोवती फिरणारा गोल ओरखडा नव्याने उमटला असेल तर तो ड्राइव्हने पाडलेला आहे, आणि ती ड्राइव्ह तुमच्या पुढच्या डिस्कही खाईल.

"ड्राइव्ह नंतर बदलून घेऊ" असा विचार या मॉडेलमध्ये करू नका. ड्राइव्हवरचा छोटा सर्किट बोर्ड कारखान्यातच मुख्य बोर्डाशी जोडीने नोंदवलेला असतो. दुसऱ्या कन्सोलची संपूर्ण ड्राइव्ह लावली तर ती डिस्क आत घेते पण गेम वाचत नाही. मूळ बोर्ड शाबूत असेल तर तो नव्या यांत्रिक भागावर बसवता येतो, आणि तो बोर्डच जळला असेल तर डिस्कचा कन्सोल कायमचा डिजिटल होतो. (नंतर आलेल्या स्लिम मॉडेलची सुटी ड्राइव्ह इंटरनेटवरून कन्सोलशी जोडावी लागते. तिथे ड्राइव्ह बदलता येते, पण पहिल्या जोडणीला जाळे लागतेच.)

आता कंट्रोलर. "किंचित ड्रिफ्ट" म्हणजे किती, हे पाहूनच ठरवायचे. ड्युअलसेन्स म्हणजे पीएस५ चा कंट्रोलर. त्याच्या अंगठ्याने फिरवायच्या प्रत्येक काडीखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात. त्यांत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते आणि काडी कुठे आहे ते विद्युतदाबाच्या रूपात सांगते. काडी सर्वांत जास्त वेळ मध्याजवळ थरथरत असल्यामुळे पट्टी तिथेच झिजते, आणि हात काढला तरी कंट्रोलरला काडी कलली आहे असे वाटत राहते. कन्सोलच्या मेनूमध्ये हे दिसत नाही, कारण मेनू आणि बहुतेक गेम मध्याजवळचा छोटा टापू मुद्दाम दुर्लक्षित करतात. त्यामुळे मेनू आपोआप सरकत नाही, एवढ्यावर कंट्रोलर चांगला ठरत नाही.

कंट्रोलर केबलने लॅपटॉपला जोडा, क्रोम उघडा, `hardwaretester.com/gamepad` या पानावर जा आणि कोणतेही एक बटण दाबा. चार अक्षांचे आकडे दिसतील: पहिले दोन डाव्या काडीचे, पुढचे दोन उजव्या काडीचे. हात काढल्यावर प्रत्येक आकडा शून्याजवळ असावा. ०.०५ पर्यंतचा फरक नव्या कंट्रोलरमध्येही दिसतो आणि त्याने काही बिघडत नाही. पण एकदा पाहून थांबू नका. काडी चारी दिशांना कडेपर्यंत नेऊन झटक्यात सोडा, तसे प्रत्येक दिशेला आठ-दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळी ती कुठे येऊन थांबते ते वाचा. एकदा ०.०२, एकदा ०.१४, एकदा ०.०७ असे थांबत असेल तर पट्टी झिजलेली आहे, मग पहिला आकडा कितीही चांगला असो. मग काडी अर्ध्यावर धरून ठेवा. आकडा स्थिर राहण्याऐवजी नाचत असेल तर झीज मध्यापलीकडेही पोहोचली आहे. काडी दाबून, म्हणजे एल३ आणि आर३ धरून, आकडा पाहायलाही विसरू नका, कारण धावण्यासाठी सतत डावी काडी दाबणाऱ्यांच्या कंट्रोलरमध्ये दोष तिथेच आधी उमटतो. शेवटी प्रत्येक दिशेला पूर्ण नेल्यावर आकडा १.०० किंवा त्याच्या अगदी जवळ जातो का ते पाहा.

विश्रांतीचा आकडा ०.१० च्या वर राहत असेल तर नेमबाजीच्या गेममध्ये नेम आपोआप सरकू लागेल. तो कंट्रोलर "किंचित" सदोष नाही. किमतीच्या हिशोबात तो शून्य धरा. सफाईच्या द्रवाचा फवारा मारल्यावर ड्रिफ्ट काही दिवस नाहीशी होते, त्यामुळे विक्रीच्या आदल्या दिवशी तो मारलेला असण्याची शक्यता राहतेच. झटक्याने सोडण्याची चाचणी पुन्हा पुन्हा करण्याचा आग्रह मी त्यासाठीच धरतो. कंट्रोलरच्या मागच्या बारीक छिद्रातले रिसेट बटण केवळ ब्लूटूथची जोडणी पुसते. त्याने ड्रिफ्ट जात नाही. तो कंट्रोलर घेतलाच तर दोन्ही काड्यांचे भाग बदलावे लागतील, आणि त्यासाठी सोल्डरिंग येणारा माणूस लागेल.

उरलेली बटणे, टचपॅड, मायक्रोफोन आणि अडॅप्टिव्ह ट्रिगर तपासण्यासाठी पीएस५ सोबत येणारा ॲस्ट्रोज प्लेरूम हा गेम उत्तम आहे. त्यात ट्रिगरला विरोध जाणवायला हवा. एल२ किंवा आर२ नुसताच सैल बसत असेल, किंवा दाबल्यावर वर येत नसेल, तर आतली स्प्रिंग तुटलेली आहे. कंट्रोलर केबलशिवाय तीन-चार मीटर दूर बसून वापरा आणि मध्येच तुटतो का पाहा. दोन्ही कंट्रोलर एकाच अंतरावर तुटत असतील तर दोष कन्सोलच्या ब्लूटूथचा असू शकतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. फोनला असते तसे मालकाच्या खात्याला बांधलेले लॉक पीएस५ मध्ये नाही, त्यामुळे विक्रेत्याचा पासवर्ड नाही म्हणून यंत्र निकामी होत नाही. लोक ज्याला लॉक म्हणतात त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे वापरकर्त्याच्या प्रवेशाचा चार अंकी पासकोड. दुसरी म्हणजे पालकांसाठीच्या निर्बंधांचा पासकोड. हे दोन्ही कन्सोल पूर्ण रिसेट केल्यावर निघून जातात. तिसरी गोष्ट म्हणजे कन्सोलवरच घातलेली बंदी. ती सोनीच्या सर्व्हरवर नोंदलेली असते, म्हणून रिसेटने, साठवण पुसण्याने किंवा सॉफ्टवेअर पुन्हा भरण्याने ती जात नाही. असा कन्सोल डिस्कवरचे गेम ऑफलाइन चालवत राहतो, पण ऑनलाइन खेळ, स्टोअर आणि डिजिटल खरेदी बंद.

ही बंदी ओळखण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. कन्सोल तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडा, नवा वापरकर्ता म्हणून तुमच्या स्वतःच्या खात्याने साइन इन करा आणि प्लेस्टेशन स्टोअर उघडून पाहा. विक्रेत्याच्या खात्यावर बंदी असू शकते आणि यंत्र स्वच्छ असू शकते. उलटही शक्य आहे. तुमचे खाते इतरत्र चालते आणि इथेच निलंबनाचा संदेश येतो, तर दोष यंत्राचा आहे. संदेश केवळ सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा असेल तर `status.playstation.com` पाहून सेवा बंद आहे का ते तपासा आणि दुसऱ्या हॉटस्पॉटवरून प्रयत्न करा. व्यवहार ठरला नाही तर निघण्यापूर्वी तुमचा वापरकर्ता त्या कन्सोलवरून स्वतःच्या हाताने पुसा.

इंटरनेटला जोडायला किंवा सॉफ्टवेअर अपडेट करायलाच विक्रेता नकार देत असेल, तर `Settings > System > System Software` मध्ये आवृत्ती पाहा. ती जुन्या आवृत्तीवर मुद्दाम अडवून ठेवलेली असेल तर कन्सोल जेलब्रेक केलेला, म्हणजे सॉफ्टवेअरमधली सोनीची बंधने तोडलेला, असण्याची शक्यता मोठी आहे. असे यंत्र ऑनलाइन नेले की बंदीचा धोका तुमच्या गळ्यात येतो.

बारा-पंधरा गेम खात्यासह ठेवून देण्याचा प्रस्ताव नम्रपणे नाकारा आणि त्याची किंमत शून्य धरा. डिजिटल गेम कन्सोलचे नसतात, खात्याचे असतात. त्या खात्यावर कन्सोल शेअरिंगची परवानगी चालू असेपर्यंतच ते तुमच्याकडे चालतात, आणि खातेदार ती परवानगी घरबसल्या वेबवरून काढू शकतो. खाते दुसऱ्याला विकणे सोनीच्या अटींतही बसत नाही. डिस्क असतील तर गोष्ट वेगळी, कारण त्या ज्याच्या हातात त्याच्या.

म्हणून क्रम असा ठेवा. तुमच्या खात्याने साइन इन झाले आणि डिस्कची कॉपी पूर्ण झाली, की विक्रेत्याकडचा एखादा जड गेम किमान अर्धा तास चालवा आणि पंख्याचा आवाज अचानक चढतो का, यंत्र तापल्याचा संदेश येतो का, ते पाहा. मागून गरम हवा येणे आणि बारीक किणकिणता आवाज येणे हे दोष नाहीत. त्यानंतर विक्रेत्याला `Settings > Users and Accounts > Other > Console Sharing and Offline Play` मध्ये जाऊन शेअरिंग बंद करायला सांगा. मग `System Software > Reset Options` मधून तुमच्यासमोर पूर्ण रिसेट करून घ्या. रिसेटनंतर सुरुवातीची भाषेची पाटी दिसली आणि तुमच्या खात्याने पुन्हा साइन इन झाले, की पैसे द्या.

३०,००० बद्दल माझे मत असे: वॉरंटी संपलेली आहे, एक कंट्रोलर मोजण्याजोगा नाही आणि खात्यातले गेम मोजायचेच नाहीत, त्यामुळे तपासणीत मोठा दोष सापडला नाही तरी तुमच्यासमोर कन्सोल आणि एक चांगला कंट्रोलर एवढेच विक्रीला आहे. नव्या ड्युअलसेन्सची किंमत सहा हजारांच्या आसपास आहे, तेव्हा ड्रिफ्टवाल्या कंट्रोलरपोटी तीन-चार हजार कमी मागणे अजिबात वावगे नाही. एचडीएमआय पोर्ट डुलत असेल तर घासाघीस करत बसू नका, दुसरा शोधा. मूळ बिलासोबत अनुक्रमांक, तारीख आणि रक्कम लिहिलेली, दोघांच्या सह्यांची साधी पावती घ्या आणि पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहील. निघताना डिस्क बाहेर काढायची राहिलेली नाही ना ते पाहा, कारण आत डिस्क ठेवून दुचाकीवर नेलेल्या कन्सोलची ड्राइव्ह वाटेतच बिघडू शकते.